६९९ रुपयांची ‘हातमागाची महेश्वरी’: किमतीवर विश्वास ठेवायचा की फोटोंवर?

प्रश्न: आम्ही इंदूरला सुदामा नगरात राहतो. गौरींना आईला महेश्वरी द्यायची आहे. ऑनलाइन एक साडी दिसली: ‘अस्सल हातमाग, रेशीम-सुती महेश्वरी’, मूळ किंमत ४,९९९, ८६ टक्के सूट, आता फक्त ६९९. एवढी स्वस्त म्हणून शंका येते, पण फोटो अगदी खरे वाटतात. मागावर बसलेला विणकर आहे, काठाचा जवळून काढलेला फोटो आहे, हातमागाचं लेबलसुद्धा आहे. भाव पाहून सोडून द्यावी की फोटो पाहून घ्यावी?

उत्तर:

ताई, ही साडी हातमागाची महेश्वरी म्हणून घेऊ नका. यंत्रमागाची, घरात नेसायची साडी म्हणून ६९९ ला घ्यायची असेल तर खुशाल घ्या, त्या भावाला ती वाईट नाही. मी साड्यांच्या धंद्यात वाढलो, आणि महेश्वर इंदूरहून शंभर किलोमीटरच्या आत असल्यामुळे तिथला माल आणि त्याच्या नकला दोन्ही हातांखालून गेल्यात. म्हणून जरा सविस्तर सांगतो. तुमच्या प्रश्नात भाव एकीकडे ओढतोय आणि फोटो दुसरीकडे. अशा वेळी कोणाचं ऐकायचं हे अंदाजावर सोडावं लागत नाही, त्याचा हिशेब करता येतो.

आधी ते ‘८६ टक्के’ डोक्यातून काढून टाका. सूट कशावरून मोजली? विकणाऱ्यानेच लिहिलेल्या ४,९९९ वर. तो आकडा त्याने ९,९९९ लिहिला असता तर सूट ९३ टक्के झाली असती आणि साडी तीच राहिली असती. त्यामुळे सूट मोठी आहे म्हणून संशय घेण्यात अर्थ नाही, आणि मोठी आहे म्हणून मोह पडण्यातही नाही. विचारायचा प्रश्न एकच: अशी साडी बनवायला किमान किती पैसे लागतात, आणि ६९९ त्याच्या वर आहे की खाली?

हा हिशेब कुणालाही घरी बसून करता येतो. नेहमीच्या महेश्वरीत ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा असतो. ताणा म्हणजे लांबीच्या दिशेने जाणारे धागे, बाणा म्हणजे आडवे. साडीचा पन्हा साधारण ४६ इंच आणि इंचाला ९५ च्या आसपास धागे धरले, तर झाले जवळपास ४,४०० धागे. ब्लाउजपीस आणि थोडी घट धरून प्रत्येक धागा साडेसहा मीटर. म्हणजे एकूण २८,६०० मीटर रेशीम. रेशमाची जाडी डेनियरमध्ये मोजतात, आणि डेनियर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. २१ डेनियरचा एकेरी धागा धरला तर वजन येतं सुमारे ६७ ग्रॅम, दुहेरी धरला तर १३३ ग्रॅम. रेशीम किलोला पाच हजार धरा. भाव वर-खाली होतो, पण हिशेबाला एवढं पुरे. एकेरी धाग्याचं रेशीम झालं ३३५ रुपयांचं, आणि दुहेरीचं ६६५ चं. म्हणजे दुहेरी ताण्याची साडी असेल तर तुमच्या ६९९ पैकी ६६५ नुसत्या रेशमातच गेले.

मी मुद्दाम विकणाऱ्याच्या बाजूने, सगळ्यांत स्वस्त हिशेब धरतो. रेशीम ३३५. बारीक सूत दीडशे ग्रॅमपर्यंत, त्याचे शंभर. रंगाई, ताणा लावणं, काठाची जर मिळून दीडशे. साध्या, बुट्टी नसलेल्या साडीला विणकराचे दोन दिवस जातात, तीनही जातात. दोनच धरू, दिवसाला चारशे रुपये, म्हणजे आठशे. झाले १,३८५. हा मागावरून उतरलेल्या साडीचा खर्च. त्यावर कर, कुरियर, ज्या साइटवर विकतो तिचं कमिशन आणि परत आलेल्या मालाचा तोटा. सगळं हात आखडून धरलं तरी १,६०० च्या खाली साडी तुमच्या दारात येत नाही, आणि त्यात विकणाऱ्याला एक रुपयाही सुटलेला नाही. या आकड्याला मी तळ म्हणतो. माझ्या आकड्यांत दहा-वीस टक्के इकडचं तिकडे करा, तळ १,३०० वर आणा. ६९९ त्याच्या निम्म्याच्या आसपासच राहतात.

आता फोटो. भाव हा विकणाऱ्याला पाळावा लागतो. ६९९ लिहिलं की ६९९ लाच द्यावं लागतं, आणि मग तेवढ्यात परवडेल असाच माल तो पाठवणार. फोटोचं तसं नाही. फोटो लावायला काही लागत नाही आणि तो दुसऱ्याचाही असू शकतो. फोटो खरा असला तरी त्याने एवढंच सिद्ध होतं की अशी साडी कुठेतरी, कुणाकडेतरी आहे. तुमच्या पार्सलात तीच येईल हे त्यातून कळत नाही. म्हणून माझा नियम असा: भाव तळाच्या खाली असेल तर फोटो कितीही चांगले असोत, त्यांचं वजन शून्य. भाव तळ आणि बाजारभाव यांच्या मधे असेल तर निकाल फोटो देतात.

तरीही तुम्ही पाठवलेले फोटो मी एकेक करून पाहिले, कारण त्यांत शिकण्यासारखं बरंच आहे.

विणकराच्या फोटोत मागावर मरून रंगाची, रुंद जरीकाठाची साडी चढलेली आहे. तुम्हाला विकतायत ती राखाडी, दोन बोटं काठाची. म्हणजे तो फोटो या साडीचा नाहीच, हातमाग या कल्पनेचा आहे. असा फोटो मोबाइलवर गूगल लेन्समध्ये टाकून पाहा. एकच विणकर चार-पाच वेगवेगळ्या दुकानांत, वेगवेगळ्या साड्यांच्या शेजारी बसलेला सापडला की समजून जायचं. उलट, काहीच सापडलं नाही म्हणजे फोटो अस्सल असंही नाही. आरशासारखा उलटा केलेला किंवा कापून घेतलेला फोटो शोधात निसटू शकतो.

मग आठ रंगांचा तक्ता. राखाडी, मोरपंखी, राणी, लिंबू, सगळ्या घड्या घालून मांडलेल्या. मोरपंखी आणि राणी शेजारी शेजारी ठेवून निऱ्या मोजा. तिसऱ्या निरीवर डावीकडे जी बारीक चुणी पडली आहे ती आठही रंगांत त्याच जागी, तेवढ्याच लांबीची आहे. पदराच्या टोकाला एक गोंडा वाकडा झालाय, तोही आठही ठिकाणी तसाच वाकडा. आठ वेगळ्या साड्या घडी घालून मांडल्या तर असं होणं शक्य नाही. एकाच साडीचा फोटो काढून संगणकावर रंग बदललेत. यंत्रमागाच्या मालाच्या कॅटलॉगमध्ये हे सर्रास चालतं आणि त्यात फसवणूक असेलच असं नाही. पण हातमागाच्या साडीबाबत ही मोठी खूण आहे, कारण हातमागावर एका ताण्यातून थोड्याच साड्या निघतात. आठ रंग, प्रत्येक रंगात भरपूर साठा, आणि सगळ्या डिट्टो सारख्या? महेश्वरचे माग तसे चालत नाहीत.

काठाचा जवळचा फोटो मात्र खरोखर सुंदर आहे, आणि मला वाटतं तो अस्सल महेश्वरीचाच आहे. महेश्वरीचा काठ दोन्ही बाजूंनी नेसता येतो, त्याला बुगडी म्हणतात. फोटोत कोपरा दुमडलेला असल्यामुळे उलटी बाजूही दिसते आणि तीही स्वच्छ आहे, लोंबणारे धागे नाहीत. पण हाच फोटो बाकीच्या फोटोंशी जुळत नाही. इथे उजेड पिवळसर, खिडकीतून आलेला. बाकी सगळे पांढऱ्या दिव्याखालचे. इथे काठात विटांची नक्षी, अंगावर नेसलेल्या साडीत लाटांची. एकाच साडीचे फोटो म्हणून दाखवलेल्या दोन फोटोंत नक्षीच वेगळी असेल तर एक फोटो उसना आहे, आणि उसना कोणता हे भाव सांगतोच आहे.

लेबलच्या फोटोवर फार विसंबू नका. सरकारचं हातमाग चिन्ह २००६ पासून आहे, आणि ‘इंडिया हँडलूम ब्रँड’ २०१५ पासून. दोन्ही योजना खऱ्या आहेत आणि हातात आलेल्या साडीवर ते लेबल शिवलेलं असणं ही चांगली गोष्ट. पण लेबलचा फोटो म्हणजे फोटोच. लेबलवर क्रमांक असेल तर तो वाचता येतोय का पाहा. तुमच्या फोटोत नेमका तोच भाग धूसर आहे. शिवाय लेबल कापडाच्या पट्टीवर आहे, साडीवर शिवलेलं दिसत नाही.

सगळ्यांत खरं बोलणारा भाग फोटोंमध्ये नव्हताच. तो खाली बारीक अक्षरांत, तपशिलाच्या रकान्यात होता. वर मोठ्या अक्षरांत ‘अस्सल हातमाग, रेशीम-सुती’, आणि खाली कापड: ‘आर्ट सिल्क ब्लेंड’. आर्ट सिल्क म्हणजे कलात्मक वगैरे काही नाही, कृत्रिम रेशीम. व्हिस्कोस किंवा पॉलिस्टर. नाव आणि जाहिरात विकणारा हवी तशी लिहितो, पण तक्रार झाली की तो या रकान्याकडे बोट दाखवतो, म्हणून तिथे सहसा खरं लिहितो. वजन ५५० ग्रॅम लिहिलंय. वरच्या हिशेबातलं रेशीम नि सूत एकत्र केलं तर दोनशे ते पावणेतीनशे ग्रॅम होतं. जर आणि पॅकिंगचे आणखी थोडे धरा. महेश्वरी हलकी असते, तिचं कौतुकच त्यासाठी आहे. साडेपाचशेला ती पोचत नाही. धुण्याच्या सूचनेत ‘मशीन वॉश’ आहे. रेशमी ताण्याच्या नव्या साडीला असं कुणी जाणकार लिहीत नाही.

खरेदीदारांनी टाकलेले फोटोही पाहा, ते विकणाऱ्याच्या फोटोंपेक्षा जास्त कामाचे. ट्यूबलाइटखाली, पलंगावर पसरून काढलेले, अंगठा मधे आलेला, असे फोटो उसने घेण्यात कुणाला फायदा नसतो. तुम्ही पाठवलेल्या तीन फोटोंत कापड प्लास्टिकसारखं चमकतंय आणि घडीची रेघ धारदार उमटलीय. एकीने उलटी बाजू दाखवलीय, तिथे काठाच्या मागे जरीचे सैल धागे आडवे लोंबतायत. बुगडी काठात असं होत नाही. तिने पाच तारे दिलेत आणि लिहिलंय, ‘इस दाम में बढ़िया’. ती खोटं बोलत नाहीये. त्या दामात ती साडी बढ़ियाच आहे.

आता तुम्ही म्हणाल, मग स्वस्त मिळालेली प्रत्येक साडी खोटीच का? नाही. दोन-अडीच हजाराला मिळणारी, दुकानात चार हजाराला असणारी खरी महेश्वरी मी पाहिली आहे. विणकराच्या घरातून थेट आली, मधले हात गेले. कुठे रंग फिकट-गडद झाला, एक बाणा तुटला, दुकानात पडून घडीवर पिवळी झाली. असा डागी माल कमी भावात निघतो. पण भाव कमी असण्याचं कारण खरं असेल तर ते फोटोत दिसतं. डागी साडी विकणारा डागाचा फोटो आधी लावतो, बोट ठेवून दाखवतो, कारण नाहीतर साडी परत येणार. विणकराचं घर थेट विकत असेल तर त्याच्याकडे चार-सहा साड्या असतात, प्रत्येकीचा फोटो वेगळा आणि बहुतेक वाईट उजेडात काढलेला. भाव कमी, कारण सांगितलेलं नाही, आणि फोटोत एकही दोष नाही, हे तिन्ही एकत्र आले तर माझा विश्वास बसत नाही.

म्हणून १,६०० ते ३,५०० च्या पट्ट्यात एखादी साडी आवडली तर लावलेल्या फोटोंवर थांबू नका, स्वतः फोटो मागा. मी तीन मागतो. पहिला, काठाचा कोपरा दुमडून सुलट-उलट एका चौकटीत. दुसरा, पदराचं टोक आणि त्यावर कागदाची चिठ्ठी, तिच्यावर तुमचं नाव आणि आजची तारीख पेनाने लिहिलेली. तिसरा, साडीचा एकच थर खिडकीसमोर धरून, उजेड आरपार येईल असा. त्यात धाग्यांमधली थोडी कमी-जास्त दाटी दिसते. यंत्रमागाचं कापड आरपार एकसारखं दिसतं. ज्याच्याकडे साडी आहे त्याला हे तीन फोटो काढायला पाच मिनिटं लागतात. ज्याच्याकडे फक्त फोटो आहेत तो ‘दीदी, क्वालिटी की गारंटी’ म्हणत राहतो.

एक खूण लोक चुकीची वापरतात. कडेला बारीक भोकं दिसली की हातमाग, असं सगळीकडे सांगितलं जातं. विणताना कापड ताणून धरायला आडवी काठी लावतात, तिच्या टोकांच्या टोचण्यांची ती भोकं, हे खरं. पण यंत्रमागावरही कापड ताणून धरतात आणि तिथेही खुणा पडतात. फरक असा की हातमागावर विणकर ती काठी थोड्या थोड्या अंतराने सरकवतो, त्यामुळे भोकांचे झुपके पडतात, अंतर मागेपुढे होतं. यंत्रावर कडेने सलग, सारख्या अंतराची ओळ जाते. फोटोत हे क्वचितच नीट दिसतं, हातात घेऊन पाहायची गोष्ट आहे. रेशीम आणि चांगलं व्हिस्कोस यांतला फरक तर कोणत्याच फोटोत दिसत नाही, माझ्यासारख्यालाही नाही.

त्यासाठी धागा जाळून पाहावा लागतो, आणि महेश्वरीत तिथेही एक गोम आहे. पदराच्या टोकाला जे सुटे धागे असतात ते ताण्याचे, म्हणजे रेशमाचे. त्यातला एक चिमट्यात धरून जाळा. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटात चुरली की रेशीम. कागद जळल्याचा वास म्हणजे व्हिस्कोस किंवा सूत. वितळून कडक मणी झाला की पॉलिस्टर. पण कुणी घाईत साडीच्या कडेचा आडवा धागा ओढून जाळला तर तो बाण्याचा, सुताचाच असणार आणि कागदाचाच वास येणार. अशी अस्सल साडी नकली समजून परत करायला निघालेल्या बायका मी पाहिल्यात.

हे सगळं माल येतो तेव्हाचं. कधी मालच येत नाही. साइट अनोळखी, सगळ्यावर ऐंशी-नव्वद टक्के सूट, पैसे फक्त आधी आणि यूपीआयनेच, अशा ठिकाणी फोटो तपासत बसूच नका. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ऑनलाइन विक्रेत्याने नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याची माहिती दिली पाहिजे. ती नसेल तर तिथेच विषय संपला. पैसे गेलेच तर त्याच तासात सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन करा. माल आला पण वेगळा आला, आणि दुकान दाद देत नाही, तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

गौरींसाठी म्हणाल तर आधी एकदा मध्य प्रदेश सरकारच्या मृगनयनी एम्पोरियममध्ये जाऊन खरी महेश्वरी हातात घेऊन पाहा. विकत नाही घेतली तरी चालेल. वजन आणि बुगडीची उलटी बाजू हाताला कळली की फोटो बघण्याची नजरच बदलते. मग वाटलं तर महेश्वरला सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. ऑनलाइनच मागवायची असेल तर परत करायची मुदत गौरींच्या आधी संपेल अशी मागवा. पार्सल उघडतानाचा न तोडलेला व्हिडिओ काढा, त्यात पत्त्याची चिठ्ठी दिसू द्या. आणि पदराचा धागा जाळून खात्री होईपर्यंत फॉल-पिकोला टाकू नका. फॉल लागला की कुणीच साडी परत घेत नाही.